डायपोलचा आवर्तकाल: गणितात ०.४० सेकंद, टेबलावर ०.६१. फरक कशाचा?

प्रयोगशाळा_ताई

नमस्कार मंडळी. बारावीच्या मुलांना दाखवण्यासाठी एकसमान फील्डमधला डायपोल प्रत्यक्ष उभा केला आहे. मांडणी अशी:

ॲल्युमिनियमच्या ३० सेमी × ३० सेमी दोन उभ्या प्लेट, मध्ये १० सेमी अंतर, १० किलोव्होल्ट डीसी. म्हणजे E = १ लाख व्होल्ट प्रति मीटर. सप्लायच्या वायरीत १०० मेगाओहमचा रेझिस्टर घातला आहे, त्यामुळे चुकून हात लागला तरी करंट ०.१ मिलिॲम्पियरच्या पुढे जात नाही. थर्माकोलचे ६ मिमी व्यासाचे दोन गोळे, वर ॲल्युमिनियम फॉइल, प्रत्येकी २० मिलिग्रॅम. दोघांच्या केंद्रांत ४ सेमी अंतर. मधली काडी म्हणजे कागदी स्ट्रॉ उभी चिरून काढलेली पट्टी. सगळं आडवं टांगलं आहे. एका गोळ्याला +३ किलोव्होल्टचं आणि दुसऱ्याला −३ किलोव्होल्टचं टोक टेकवून चार्ज दिला. q = 4πε₀rV प्रमाणे प्रत्येकी १ नॅनोकूलॉम.

गणित:

```
p  = qL = 1e-9 × 0.04     = 4e-11 C·m
pE = 4e-11 × 1e5          = 4e-6 J
I  = 2 × 20e-6 × (0.02)²  = 1.6e-8 kg·m²
T  = 2π√(I/pE)            = 0.397 s
```

फोनवर स्लो मोशन घेऊन दहा दोलनं मोजली, सुरुवातीचा कोन साधारण २५ अंश. आवर्तकाल ०.६१ सेकंद येतो. पुन्हा पुन्हा तोच. दीडपट फरक मुलांना समजावायचा तरी कसा?

मिसळ_विथ_दही

मुलांना सांगा, पुस्तकातला डायपोल पुण्याचा आहे, हा नाशिकचा. जरा निवांत.

बारावी_बॅच

ताई, सूत्रातच घोळ नाही ना? आमच्या क्लासमध्ये T = 2π√(ma/qE) सांगितलंय. गाईडमध्ये 2π√(mL/2qE) आहे. कुठलं बरोबर?

कणाद_नाशिक

@बारावी_बॅच, दोन्ही एकच आहेत. एकात a म्हणजे अर्धी लांबी, दुसऱ्यात L म्हणजे पूर्ण. L च्या जागी 2a ठेवून बघ, पहिलं सूत्र हातात येईल. पेपरात मार्क जातात ते p मध्ये 2a घेऊन I मध्येही चुकून (2a)² घेतल्यामुळे. गोळा मध्यापासून a अंतरावर आहे, म्हणून I = 2ma².

ताईंनी दोन्ही ठिकाणी बरोबर घेतलंय. सूत्र ठीक आहे, पण त्यात भरलेले आकडे तपासायला हवेत. ताई, पट्टीचं वजन किती? तुमच्या I मध्ये ती दिसत नाही.

प्रयोगशाळा_ताई

हलकीच आहे म्हणून धरली नाही. आत्ता तोलली, ६० मिलिग्रॅम.

कणाद_नाशिक

"हलकी" हे कशाच्या तुलनेत ते बघायला हवं. दोन गोळे मिळून ४० मिलिग्रॅम, पट्टी ६०. पट्टीचा स्वतःचा जडत्व आघूर्ण ML²/12, म्हणजे 8e-9. गोळ्यांचा 1.6e-8 होता. एकूण 2.4e-8 झाला, थेट दीडपट. आवर्तकाल वर्गमुळाने वाढतो, म्हणून ०.३९७ × १.२२५ = ०.४८६ सेकंद.

कोनाचंही थोडं धरा. sinθ ≈ θ हे २५ अंशांना पुरेसं असतं, तरी आवर्तकाल θ₀²/16 इतक्या प्रमाणात वाढतो (θ₀ रेडियनमध्ये). २५ अंशांना ही वाढ १.२ टक्के होते. म्हणजे ०.४९. तुमचा ०.६१. अजून बरंच अंतर उरलं.

सातपूर_एमआयडीसी

उरलेलं मी सांगतो. चार्ज गळतोय. जुलैत नाशिकच्या हवेत १ नॅनोकूलॉम जागेवर राहील ही अपेक्षाच चुकीची. हाय व्होल्टेज टेस्टिंगमध्ये पावसाळ्यात इन्सुलेटर आधी पुसून कोरडा करतात तो याच कारणाने. T हा 1/√q प्रमाणे बदलतो. (०.४९/०.६१) चा वर्ग काढा, ०.६५. म्हणजे एक तृतीयांश चार्ज गेला आणि ०.६५ नॅनोकूलॉम उरला. हिशोब जुळला, विषय संपला. डिसेंबरात निफाडसारखी कोरडी थंडी पडली की प्रयोग करा.

निफाडकर

आमचं नाव निघालं म्हणून विचारतो. द्राक्षाला इलेक्ट्रोस्टॅटिक स्प्रेअर वापरतो, थेंबाला चार्ज देऊन फवारतात. पानाच्या खालच्या बाजूला औषध बसतं ते याच टॉर्कमुळे का? नोझलचं व्होल्टेज वाढवलं तर जास्त फिरून बसेल का?

कणाद_नाशिक

@निफाडकर दादा, तिथली गोष्ट वेगळी आहे. तुमच्या थेंबावर एकाच चिन्हाचा निव्वळ चार्ज असतो, म्हणून त्याला वेलीकडे खेचणारं बल मिळतं. वेल जमिनीला जोडलेली असल्याने थेंब जवळ आला की पानावर उलटा चार्ज जमतो आणि थेंब वळून मागच्या बाजूलाही जाऊन बसतो. इथे ताईंच्या काडीवर +q आणि −q समान आहेत. एकसमान फील्डमध्ये दोन्ही बलं एकमेकांना खोडतात, काडी कुठेच ओढली जात नाही, फक्त फिरते. नोझलच्या व्होल्टेजचं मात्र यंत्र बनवणाऱ्यालाच विचारा.

@सातपूर_एमआयडीसी, तुमचा आकडा जुळतो, पण मला ताईंचं एक वाक्य खटकतंय: "पुन्हा पुन्हा तोच". चार्ज गळत असेल तर आवर्तकाल स्थिर कसा राहील? पाच मिनिटांनी मोजला तर ०.७, मग ०.८ व्हायला हवा. ०.६५ वर येऊन गळती थांबते का?

सातपूर_एमआयडीसी

सुरुवातीला भरभर गळतो, मग हळू.

कणाद_नाशिक

हळू होतो, थांबत नाही. ताई, तीन गोष्टी करून बघा, सामान तेच:

एक, प्लेटची पोलॅरिटी उलटी करा. खरा डायपोल असेल तर काडी पूर्ण १८० अंश फिरली पाहिजे.

दोन, व्होल्टेज ५ किलोव्होल्ट करून आवर्तकाल मोजा. T = 2π√(I/pE), p कायम आहे, E अर्धा झाला, म्हणजे T १.४१ पट होऊन ०.८६ यायला हवा.

तीन, काडी फील्डला बरोबर ९० अंशांत धरून सोडा. τ = pE sinθ प्रमाणे तिथे टॉर्क सर्वांत जास्त, 4e-6 न्यूटन-मीटर. सोडल्यासोबत तिने झपकन वळलं पाहिजे.

आणि टांगलंय कशाने?

प्रयोगशाळा_ताई

शिवणाच्या सुती दोऱ्याने. निकाल संध्याकाळी देते.

रेशीमगाठ_येवला

सुती दोरा काढा हो. त्याला पीळ असतो आणि दमट हवेत तो पीळ सुटत-बसत राहतो, तुमचा शून्याचा कोनच सरकेल. पैठणीच्या कच्च्या रेशमातला एकच तंतू काढून घ्या, येवल्यात कुठल्याही विणकराकडे तुकडा मिळेल. इतक्या वजनाला एक तंतू आरामात पेलतो.

कणाद_नाशिक

अगदी बरोबर. दोऱ्याचा पीळ काडीला परत ओढतो, म्हणजे pE मध्ये आणखी एक κ मिळवला जातो: T = 2π√(I/(pE+κ)). हा κ मोजायचा तर फील्ड बंद करून काडी नुसती झुलू द्या. रेशमाच्या एका तंतूवर एक हेलकावा पूर्ण व्हायला मिनिटाच्या आसपास लागेल. तेवढा सावकाश झुलला तर pE पुढे κ सोडून द्या. पण लक्षात घ्या, दोरा T कमी करतो. ताईंचा T जास्त आलाय, तेव्हा मूळ गुन्हेगार दोरा नव्हे.

मिसळ_विथ_दही

आरोपी वाढत चाललेत: पट्टी, हवा, दोरा. निफाडकर दादांचा जामीन मंजूर.

प्रयोगशाळा_ताई

रेशमाचा तंतू लावला, बाकी तेच. निकाल:

पोलॅरिटी उलटी केली, काडी जागची हलली नाही. सप्लायची टोकं बदलून तीनदा पाहिलं.

५ किलोव्होल्टला आवर्तकाल १.२१ सेकंद.

९० अंशांत सोडली तर क्षणभर तशीच उभी राहते, मग कुठल्यातरी एका बाजूला वळते. दर वेळी बाजू तीच असेल असं नाही.

आता मलाच कळेना की मी काय मोजतेय.

सातपूर_एमआयडीसी

१.२१? निम्म्या व्होल्टेजला दुप्पट? सप्लायचा मीटर चुकीचा दाखवत असणार.

कणाद_नाशिक

मीटर ठीक आहे. तिन्ही निकाल एकच गोष्ट सांगतात: काडीवर तुम्ही दिलेला चार्ज शिल्लकच नाही. तुम्ही बघताय तो फील्डने स्वतः तयार केलेला, प्रेरित डायपोल.

कागदी पट्टी दमट आहे. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आली, सगळीकडे कागदी आल्या, आणि कागद पाणी पितो. पट्टीचा रेझिस्टन्स शंभर अब्ज ओहम धरा, मल्टिमीटर याला "ओपन"च दाखवेल. पण ३ मिमी त्रिज्येच्या गोळ्याची कपॅसिटी फक्त ०.३३ पिकोफॅरड, दोन मालिकेत म्हणजे ०.१७. RC काढा: सेकंदाचा साठावा भाग. तुम्ही टोक काढून हात मागे घेईपर्यंत + आणि − पट्टीतून एकमेकांना भेटून संपलेले असतात. @सातपूर_एमआयडीसी, चार्ज गेला हे तुमचं म्हणणं खरं, पण तो हवेतून गेला नाही आणि एक तृतीयांशही गेला नाही. काडीतून गेला, आणि सगळा गेला.

मग काडी झुलते कशी? दोन गोळे आता एका वाहकाने जोडलेले आहेत. काडी फील्डच्या दिशेत असताना दोन टोकांमधल्या पोटेन्शियलचा फरक EL = ४००० व्होल्ट. तो मिटवायला एका गोळ्यावर + आणि दुसऱ्यावर − जमा होतो. प्रत्येक गोळ्याच्या वाट्याला २००० व्होल्ट, दुसऱ्या गोळ्याचा परिणाम धरून q सुमारे ०.७२ नॅनोकूलॉम. तुम्ही दिलेल्या १ च्या इतका जवळ की आवर्तकाल पाहून संशयच येऊ नये! 0.486/√0.72 = ०.५७, त्यावर कोनाची वाढ, म्हणजे ०.६० च्या आसपास. तुमचा ०.६१.

बारावी_बॅच

कोनाची वाढ आधी १.२ टक्के म्हणाला होतात. ०.५७ चे ०.६० म्हणजे पाच टक्के. तो कोनही २५च, हाही २५च, मग?

कणाद_नाशिक

छान पकडलंस. प्रेरित डायपोलमध्ये p कायम नसतो. काडी θ कोनात असेल तर तिच्या लांबीवर फील्डचा E cosθ एवढाच भाग पडतो, म्हणून p = p₀cosθ. टॉर्क झाला p₀E sinθ cosθ, म्हणजे ½p₀E sin2θ. आत 2θ बसलाय, म्हणून दोलकाच्या हिशोबाने आयाम २५ नसून ५० अंशांचा आहे. θ₀²/16 मध्ये ५० अंश रेडियनमध्ये घाल, ४.८ टक्के मिळतील.

ताईंचे निकाल यातूनच येतात. ९० अंशांना sin2θ शून्य, टॉर्क नाही, काडी अडखळते. E उलटला की p पण उलटतो, गुणाकार तोच राहतो, काडी हलत नाही. आणि p₀ स्वतः E च्या प्रमाणात असल्याने टॉर्क E² ने बदलतो, म्हणून निम्म्या व्होल्टेजला आवर्तकाल दुप्पट.

सातपूर_एमआयडीसी

मान्य, E² चं मला सुचलं नाही. पण मग स्थितिज ऊर्जा −pE cosθ, आणि p = p₀cosθ ठेवला तर −p₀E cos²θ. याचं अवकलन केलं तर टॉर्क p₀E sin2θ येतो, तुमच्या दुप्पट. तुमचा ½ कुठून आला?

कणाद_नाशिक

तो ½ ऊर्जेतही असतो: U = −½p₀E cos²θ. −pE cosθ मध्ये गृहीत आहे की p आधीपासून तयार आहे, फील्डला तो घडवावा लागला नाही. प्रेरित डायपोलमध्ये चार्ज वेगळे करायलाही काम लागतं, ते बरोबर निम्मं खाऊन टाकतं. कपॅसिटरच्या ½CV² मधला ½ तोच.

कायम डायपोलचं U = −pE cosθ मात्र सरळ आहे. τ विरुद्ध ९० अंशांपासून θ पर्यंत फिरवायला लागणारं काम. शून्य ९० अंशांना धरलाय तो सोयीसाठी; +q आणि −q यांची आपापसातली ऊर्जा यात नाही, कारण काडी फिरवल्याने ती बदलत नाही. लहान कोनाला cosθ ≈ 1 − θ²/2 घातलं की U ≈ −pE + ½pEθ². स्प्रिंगच्या ½kx² शेजारी ठेवा, k च्या जागी pE, m च्या जागी I. आवर्तकाल तिथेच दिसतो. ताईंच्या काडीवर खरोखर १ नॅनोकूलॉम असता तर ती उलट्या टोकाला फिरवायला 2pE, म्हणजे ८ मायक्रोज्यूल लागले असते.

प्रयोगशाळा_ताई

आता काडी कशाची करू? तंगूस आहे आमच्याकडे.

निफाडकर

तंगूस लय भारी, वजनाला काहीच नाही.

सातपूर_एमआयडीसी

तंगूस म्हणजे नायलॉन. नायलॉनही पाणी शोषतो, कागदाइतका नाही तरी या कामाला नको. चार्ज पाच मिनिटं टिकवायचा तर काडीचा रेझिस्टन्स १०^१५ ओहमच्या बराच वर पाहिजे. पॉलिप्रोपिलीन घ्या. जेवणाच्या पार्सलच्या डब्याचं झाकण बघा, त्यावर त्रिकोणात ५ लिहिलेलं असतं. १ मिमी रुंद पट्टी कापा. आणि कापल्यावर बोट लावू नका, घामाचा थर कागदाचंच काम करेल. स्पिरिटने पुसून, सुकवून, चिमट्यानेच धरा.

कणाद_नाशिक

याला पूर्ण अनुमोदन. तोलून I नव्याने काढा, आणि कोन १० अंशांच्या आत ठेवा, म्हणजे कोनाची वाढ ०.२ टक्क्यांवर येऊन विसरता येईल.

बारावी_बॅच

माझं एक मधेच. सराव पेपरात गणित आहे: +q चं वस्तुमान m, −q चं 2m, हलकी दांडी L, एकसमान फील्ड, लहान दोलनांचा आवर्तकाल काढा. उत्तरात 2π√(3mL/4qE) दिलंय. माझं 2π√(2mL/3qE) येतंय.

कणाद_नाशिक

तुझं बरोबर, दांडी मोकळी असेल तर. निव्वळ बल शून्य, म्हणून वस्तुमान केंद्र हलत नाही आणि फिरणं त्याच्याभोवती होतं. I = (2m/3)L². टॉर्क कुठल्याही बिंदूभोवती qEL sinθ च, त्यामुळे तिथे फरक पडत नाही.

शिकवणी_कॉलेजरोड

थांबा. उत्तरात दांडी मध्यबिंदूला खिळवली आहे असं धरलंय. तेव्हा I = 3m(L/2)² = 3mL²/4, आणि त्यांचं उत्तर येतं. चूक म्हणता येणार नाही.

कणाद_नाशिक

खिळवलीय असं प्रश्नात लिहिलंय का?

बारावी_बॅच

नाही. "ठेवली आहे" एवढंच आहे.

शिकवणी_कॉलेजरोड

पेपर काढणारे मध्यबिंदूच धरतात. मुलांनी मार्क मिळवायचे की वाद घालायचा?

कणाद_नाशिक

मुलाने "दांडी मोकळी आहे असे मानून" एवढे शब्द लिहावेत आणि वस्तुमान केंद्र घ्यावं. दोन उत्तरांत सहा टक्क्यांचा फरक आहे, वाचणाऱ्याला तो दिसतो.

शिकवणी_कॉलेजरोड

तपासणारा उत्तरपत्रिकेशी ताडून बघतो, टक्के मोजत नाही. असो, माझं मत बदललेलं नाही.

प्रयोगशाळा_ताई

पॉलिप्रोपिलीनची पट्टी झाली, वजन ३६ मिलिग्रॅम. I = 2.08e-8, म्हणजे १० किलोव्होल्टला अपेक्षित आवर्तकाल ०.४५ सेकंद. चार्ज दिल्या दिल्या मोजला: ०.४७. ५ किलोव्होल्टला ०.६७. पोलॅरिटी उलटी केल्यावर काडी पूर्ण फिरली आणि उलट्या बाजूला स्थिरावली. ९० अंशांतून सोडली तर लगेच वळते, अडखळत नाही.

दहा मिनिटांनी १० किलोव्होल्टलाच ०.५० झाला.

कणाद_नाशिक

०.६७ भागिले ०.४७, १.४३. म्हणजे √2. हा खरा डायपोल.

सातपूर_एमआयडीसी

आणि ०.४७ चे ०.५० दहा मिनिटांत, म्हणजे चार्ज बारा टक्के गळला. ही मात्र माझीच गळती!

शिकवणी_कॉलेजरोड

सुरुवातीलाच ०.४५ ऐवजी ०.४७ का? गळायला वेळच मिळाला नव्हता.

कणाद_नाशिक

चार्ज सात टक्के कमी धरला की जुळतं. गोळे स्वतः फिरतात त्याचा I पण धरलेला नाही, पण तो एक टक्क्याच्या आतबाहेर, आवर्तकालात एक टक्काही पुरा नाही. बाकीचा फॉइलच्या सुरकुत्यांतून, टोक काढतानाच गेला असावा, किंवा त्रिज्या मोजण्यातच घोळ असेल. ताई, गोळ्यांचा व्यास कशाने मोजला?

प्रयोगशाळा_ताई

पट्टीने. उद्या व्हर्नियरने मोजते. मुलांना मी आधी कागदी काडी दाखवणार आहे आणि मग ही, दोन्ही एकाच सप्लायवर.

मिसळ_विथ_दही

पार्सलचं झाकण कुठल्या मिसळीचं होतं, ते कोणी विचारलंच नाही.